दोन बोटं डाळ

पहाटे ४.१५

ऑगस्टमधला गुरुवार. दोह्यात गुरुवार म्हणजे आठवड्याचा शेवटचा कामाचा दिवस, शुक्रवार-शनिवार सुट्टी. नवऱ्याची बस पावणेपाचला येते. तो तिकडे उत्तरेला रास लफानला गॅसच्या प्लांटवर असतो, आणि कॅन्टीनचं जेवण त्याला नको असतं, म्हणून डबा. फ्रिज उघडून कालच्या आमटीचा पसरट डबा काढला, मधोमध थर्मामीटरची सुई घातली. ४ अंश. आमटी पातेलीत ओतून उकळी फुटू दिली, वर कोथिंबीर टाकली आणि थर्मासमध्ये भरली.

नवरा म्हणतो, लग्नात मंगळसूत्राऐवजी तुला हे थर्मामीटर घालायला हवं होतं. त्याचं बरोबर आहे. मी एका केटरिंगच्या मोठ्या किचनमध्ये हायजीनचं काम बघते. दिवसभर लोकांच्या डाळीत सुया खुपसते आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या डाळीत.

सकाळी ५.३०

गाडीचं दार उघडलं तरी अंगावर ओला, गरम फडका पडल्यासारखं होतं. सूर्य आत्ताच वर आलाय आणि गाडी ३४ दाखवतेय. दोह्याच्या उन्हाळ्याचं हे वैशिष्ट्य बाहेरच्यांना पटकन कळत नाही. इथे उष्मा दुपारपुरता नसतो. कोल्हापुरात उन्हाळ्यातही रात्री खिडकीतून झुळूक येते, माठाखालची वाळू गार लागते. इथे रात्रीचे दोन वाजले तरी हवा गरमच. माझ्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की या गावात काहीही ‘बाहेर ठेवून गार’ होत नाही.

सकाळी ८.४०

रात्रपाळीच्या लोकांची डाळ आम्ही सकाळीच शिजवतो, गार करतो आणि संध्याकाळी पुन्हा उकळून पाठवतो. आज तूरडाळ. मोठ्या बॉयलिंग पॅनमधून ती स्टीलच्या चपट्या पॅनमध्ये ओतायची. या पॅन साधारण अर्धा मीटर लांब आणि त्याहून बऱ्याच कमी रुंद असतात. खोली वेगवेगळी मिळते, आणि किचनमध्ये त्यांना खोलीच्या नावानेच हाक मारतात: पासष्टची, शंभरची, दीडशेची. आकडे मिलिमीटरचे. गार करायला फक्त पासष्टची, आणि तीही काठोकाठ भरायची नाही. डाळ चार सेंटिमीटर, म्हणजे आडवी दोन बोटं. तेवढ्यात एका पॅनला सहा-एक लिटर बसते.

मग पॅन ब्लास्ट चिलरमध्ये जाते. हे कपाटासारखं यंत्र असतं, त्यात बर्फागत थंड हवेचा झोत पदार्थावर सुटतो. यंत्र महागडं आहे, पण माझ्या मते त्यातलं अर्धं काम ती दोन बोटं करतात. कारण डाळ ही उष्णता हातची सोडायला फार नाखूश असते. पाणी गार होताना आतल्या आत फिरतं, वरचं खाली आणि खालचं वर. घट्ट डाळ जागची हलत नाही. मधली उष्णता थरामागून थर ओलांडत काठापर्यंत चालत येते, आणि थर दुप्पट झाला की या चालण्याला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून दोन बोटांची डाळ आणि चार बोटांची डाळ यांत दोन बोटांचा फरक नसतो.

आमचा नियम अमेरिकेच्या फूड कोडवर बेतलेला आहे. शिजलेला पदार्थ ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आला पाहिजे आणि सुरुवातीपासून सहा तासांच्या आत ५ वर. पहिले दोन तास इतके कडक का, ते पुढे येईलच. आमच्या किचनमध्ये घड्याळ डाळ ओतल्याक्षणी लावतात. ५७ ची वाट बघत कोण उभं राहणार?

सकाळी १०.२०

आज ओतून एक तास चाळीस मिनिटं झाल्यावर मी चिलर उघडला. सुई नेहमी पॅनच्या मधोमध, उंचीच्याही मध्यावर धरायची. पहिली पॅन ११, दुसरी ११, तिसरी १२. चौथी खालच्या कप्प्यात होती. तिच्यात सुई घातली तर ५२.

आधी वाटलं थर्मामीटर बिघडलं. बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितलं, शून्य दाखवलं. मग पॅनकडे नीट बघितलं. दीडशेची होती, निम्म्याहून थोडी जास्त भरलेली.

आमच्याकडे कुडाळकडचे एक आचारी आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. आखातात त्यांची पंचवीस वर्षं गेलीत. ते स्वतःच पुढे आले.

“पॅन कमी पडले ओ ताई, म्हणान उरलेली सगळी हेच्यात ओतलंय. चिलर आसा ना, होतली गार.”

मामांना मी रागावू शकत नाही. त्यांच्या हाताला चव आहे, आणि चूक तर माझ्या हिशोबाचीही होती. पासष्टच्या दोन पॅन नाश्त्याच्या शिऱ्यात अडकल्या होत्या आणि ते मला माहीत होतं. मी त्यांना सुई सरकवून दाखवली. काठाशी २३, दोन बोटं आत ३८, मध्यात ५२. एकाच पॅनमध्ये हिवाळा, पावसाळा आणि मे महिना. वर हात लावला तर पॅन गारढोण लागत होती. हाताने बघणारा माणूस इथेच फसतो.

“आणि ३८ आणि ५२ च्या मधे कुठेतरी ४५ चा थर आहे मामा. तो सगळ्यात वाईट.”

ते का, ते सांगते. डाळीला, मांसाला, मसाल्याला शेतातली धूळमाती लागलेली असते, आणि मातीत काही जंतू बीजाणूंच्या रूपात झोपलेले असतात. बीजाणू म्हणजे जंतूने स्वतःभोवती बांधलेला किल्लाच. उकळीने जंतू मरतात, हे बीजाणू मरत नाहीत. उलट उकळीच्या चटक्याने ते जागे होतात. उकळताना आणखी एक गोष्ट घडते, रश्शात विरघळलेली हवा निघून जाते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला हवा नकोच असते. म्हणजे उकळून त्याचे शेजारी मेले, हवा गेली आणि तो जागा झाला. आता त्याला फक्त ऊब हवी. ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान तो जेवढ्या झपाट्याने वाढतो, तेवढे फार थोडे जंतू वाढतात. सोयीचं अन्न असेल तर दर दहा-एक मिनिटांनी दुप्पट. दोन तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजार. पहिले दोन तास कडक आहेत ते यासाठी. खालच्या टप्प्यात, २१ ते ५ मध्ये, वाढ रेंगाळते, म्हणून तिथे चार तासांची सवलत.

दोन तास भरायला वीस मिनिटं बाकी होती, म्हणून डाळ वाचली. ती परत बॉयलिंग पॅनमध्ये ओतली, ७५ च्या वर नेली आणि शिऱ्याच्या पॅन धुऊन आल्यावर दोन पासष्टच्यांत वाटून पुन्हा घड्याळ लावलं. दोन तास उलटून गेले असते तर टाकून द्यावी लागली असती. त्या वेळी मामांचा चेहरा बघवत नाही. कोकणातल्या माणसाला अन्न टाकताना बघणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे.

दुपारी १२.३०

बाहेर रस्ते ओस. १ जून ते १५ सप्टेंबर इथे सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरच्या कामाला कायद्याने बंदी असते. दोन्ही नव्या पॅन १२ वर आल्या. नोंद केली, सही केली, मामांनीही केली.

दुपारी २.४५

घरी. आमच्या इमारतीत स्वयंपाकघराला एसी नाही. दिवाणखान्यातला गारवा दारातून थोडाफार येतो तेवढाच. ओट्यावर ठेवलेला थर्मामीटर ३३ दाखवतो, गॅस पेटवला की ३६. उद्या जेवायला चार पाहुणे आणि शनिवारी आमचं आम्ही, तेव्हा आज संध्याकाळी आमटी आणि कोंबडीचा रस्सा करून ठेवायचा बेत. आता तासभर झोप.

संध्याकाळी ५.१०

खालच्या ग्रोसरीतून कोंबडी, कोथिंबीर, आणि बर्फाच्या दोन पिशव्या, दोन-दोन किलोच्या. दुकानदार केरळचा आहे. दर गुरुवारी बर्फ नेणारी ही मराठी बाई घरी नेमकं करते काय, असा संशय त्याच्या डोळ्यांत मला दिसतो.

बर्फ विकत घ्यावा लागतो याला कारण आहे. आपल्याकडच्या सगळ्या आयांनी शिकवलेला उपाय म्हणजे पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवणं. इथे नळाला गार पाणी नसतं. टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात. मघाशी मोजलं, ‘गार’ नळाचं पाणी ४१. त्या पाण्यात पातेलं ठेवलं तर डाळ ४१ पर्यंत येऊन तिथेच थांबेल, म्हणजे जिथे थांबू नये नेमकं तिथे. इथली जुनी मंडळी उन्हाळ्यात गिझर बंद करून टाकतात आणि गार पाण्यासाठी गरम नळ सोडतात. गिझर घरात असतो, त्यातलं पाणी त्यातल्या त्यात गार. अंघोळीला ही युक्ती उत्तम, डाळीला पुरत नाही.

संध्याकाळी ६.५०

अर्धा किलो तूरडाळ. कुकरमध्ये शिजवून, घोटून, चिंच-गूळ, गोडा मसाला, कढीपत्ता, वर फोडणी. सगळी मिळून अडीच लिटर आमटी. गॅस बंद केला तेव्हा ९६.

इथे दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी दर गुरुवारी याच वेळी आठवते. तेव्हा मी ही नोकरी नुकतीच धरली होती आणि तिथले नियम तिथेच ठेवून घरी यायची. घरी आईचे नियम. गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, फ्रिज बिघडतो. आधी ओट्यावर निवू दे. त्या रात्री कोंबडीचा रस्सा मोठ्या पातेल्यात, वर ताट झाकून ओट्यावर ठेवला. निवायची वाट बघता बघता मी झोपून गेले. सकाळी सहाला उचलून फ्रिजमध्ये टाकला, दुपारी दीडला कोमट करून जेवलो. वास उत्तम होता, चव तर आदल्या दिवसापेक्षा मुरलेली. मध्यरात्री आम्हा दोघांच्या पोटात मुरडा सुरू झाला. जुलाब, पण ताप नाही, उलटी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघंही उठून बसलो. प्रयोगशाळेत कोणी काही तपासलं नाही, पण जेवणानंतर दहा-अकरा तासांनी मुरडा, ताप-उलटीशिवाय, आणि एका दिवसात आराम, हे वर्णन मला कामावरच्या पुस्तकात जसंच्या तसं सापडलं. परफ्रिंजेन्सचंच असणार. डाळीतही हा जंतू वाढतो, पण मांसाच्या रश्शात त्याचं अधिक फावतं.

नंतर एका शुक्रवारी मी मुद्दाम तसंच करून बघितलं, खाण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. अडीच लिटर आमटी, खोल पातेलं, झाकण, ओटा. सातला ९६ होती. नऊला ५५. अकराला ४१. म्हणजे निवतेय निवतेय म्हणताना तिने ५० ते ४० हा टप्पा पार करायला पावणेदोन तास घेतले. आणि पुढे तर गाडी थांबलीच, कारण स्वयंपाकघर स्वतः ३३ वर. पहाटे तीनलाही आमटी ३५ होती. घराघरांसाठी जो नियम सांगितला जातो, शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये आणि खोलीचं तापमान ३२ च्या वर असेल तर एका तासात, तो वाचताना कोल्हापुरात मला अतिरेक वाटला असता.

संध्याकाळी ७.०५

मूळ काम आत्ता. माझ्याकडे स्टीलचे पसरट, चौकोनी डबे आहेत. खोली पाच-सहा सेंटिमीटर. वाटणीला परातही चालते, फक्त ती फ्रिजमध्ये मावत नाही. स्टीलच हवं. जाड प्लास्टिकच्या डब्यातून उष्णता फार आळसाने बाहेर पडते, आणि काचेचा गरम डबा बर्फात ठेवला तर तडकण्याची भीती. दोन डब्यांत मिळून अडीच लिटर ओतली. बोटं लावून बघितली, दोन बोटंच. ओतताना वाफ गेली, गार स्टीलनेही थोडी ऊब घेतली, आमटी ७४ वर आली.

सिंकची जाळी बंद केली, एक पिशवी बर्फ ओतला आणि वर फ्रिजमधल्या बाटल्यांचं पाणी. नुसता बर्फ पुरत नाही. बर्फाचा खडा डब्याला एखाद्या टोकाशी टेकतो, बाकी सगळी मधे हवा. पाणी ती पोकळी भरून काढतं आणि गारवा डब्याच्या तळाला आणि कडांना सगळीकडून लागतो. पाण्याची पातळी आतल्या आमटीइतकी ठेवायची, त्याहून वर नको. एकदा हलला डबा की आमटीत बर्फाचं पाणी.

दोन किलो बर्फ का, याचा हिशोब सोपा आहे. अडीच किलो आमटी ७५ वरून १८ वर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी शोषायला साधारण दीड किलो बर्फ वितळावा लागतो. उरलेला अर्धा किलो सिंक आणि गरम हवा खाते. कधी बर्फ मिळाला नाही तर पाण्याच्या लहान बाटल्या पाऊण भरून आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये टाकते. त्या बाहेरून स्वच्छ घासून थेट आमटीत उभ्या करायच्या आणि त्यांनीच ढवळायचं. मोठ्या हॉटेलांत याच कामासाठी बर्फ भरलेले वल्ह्यासारखे दांडे मिळतात.

संध्याकाळी ७.१५ ते ७.३५

पळी हातात घेऊन सिंकपाशी. दर चार-पाच मिनिटांनी तळापासून ढवळायचं, कारण घोटलेली डाळ खाली बसते आणि तो तळाचा चिखल ऊब धरून ठेवतो. दहा मिनिटांनी ४५. वीस मिनिटांनी २८. तीस मिनिटांनी १८. ज्या ५० ते ४० च्या टप्प्याला पातेल्यात पावणेदोन तास लागले होते, तो आज पाच-एक मिनिटांत ओलांडला. मी तेवढ्यात कोथिंबीर निवडत होते.

याच वेळी शेजारच्या वहिनी आल्या, विरजण मागायला. नागपूरच्या आहेत, नवीन आल्यात. सिंकमध्ये बर्फात पोहणारी आमटी बघून म्हणाल्या, “अहो, हे काय, आमटीला ताप आलाय का?”

मी म्हटलं, उतरवतेय.

“आम्ही तर बाई सरळ कुकरसकट ठेवून देतो. शिट्टी काढली नाही म्हणजे आत जंतूच जात नाही.”

हा समज मला वारंवार भेटतो आणि त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो घातक आहे. बाहेरचा जंतू जात नाही हे खरं. पण आतला झोपलेला आतच असतो, कुकरच्या नेहमीच्या शिजवण्यातून तोही निभावून जाऊ शकतो, आणि बंद कुकर म्हणजे त्याच्यासाठी हवा नसलेलं, तासन्‌तास उबदार राहणारं घर. एवढं सगळं दारात उभं राहून कसं सांगणार? त्यांना मी माझी दुसरी सुई दिली आणि म्हटलं, आज रात्री झोपताना कुकर उघडून बघा किती येतंय. विरजणासोबत थर्मामीटरही घेऊन गेल्या.

संध्याकाळी ७.४०

फ्रिज. सगळ्यात वरचा कप्पा मोकळा केला, म्हणजे आमटीत वरून काही गळणार नाही. कच्ची कोंबडी सगळ्यात खाली. डबे एकावर एक नाहीत, शेजारी शेजारी, मधे चार बोटं जागा. एकावर एक ठेवले की दोन बोटांच्या दोन डब्यांची पुन्हा चार बोटांची डाळ होते आणि सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे बर्फात. झाकण तिरकं ठेवलं. आत्ताच घट्ट लावलं तर वाफ कोंडून तिचं पाणी झाकणावरून परत आमटीत ठिबकतं. घट्ट झाकण झोपताना.

फ्रिज बिघडतो का, तर नाही. अडीच लिटर उकळती आमटी आत ठेवली तरी ती गार करायला जी वीज लागेल ती पैशांत मोजण्याइतकीही नसते. त्रास होतो तो शेजाऱ्यांना. वाफाळतं पातेलं दुधाच्या पिशवीला आणि कालच्या भाताला तासभर गरम करतं. शिवाय दोह्यातल्या स्वयंपाकघरात फ्रिज आधीच दमलेला असतो. मागच्या जाळीला भिंतीपासून पुरेशी जागा नसेल तर तो दिवसभर घरघरतो आणि आत ८-९ च राहतात. माझ्या फ्रिजमध्ये पाण्याच्या पेल्यात एक थर्मामीटर कायम बुडवलेला असतो. आत्ता ३ आहे. डबे ठेवून अर्ध्या तासाने ५ होईल, मग परत खाली येईल. फ्रिजचं काम गार असलेलं गार ठेवणं. गार करणं हे माझं आणि बर्फाचं काम.

रात्री ८.००

रश्शाची वेळ. दीड किलो कोंबडी, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं वाटण, कोल्हापुरी चटणी. तोच प्रकार, दुसरी बर्फाची पिशवी. फक्त दोन गोष्टी वेगळ्या. रश्शावर तर्री येते. आमच्या गावात तर्रीशिवाय रस्सा वाढणं हा अपमान आहे, पण गार करताना हे तेल झाकणासारखं पसरतं आणि वाफ निघू देत नाही. म्हणून ढवळणं आमटीपेक्षा जास्त. दुसरं, कोंबडीचे तुकडे. रस्सा २० वर आला तेव्हा मांडीच्या तुकड्यात हाडाजवळ सुई टोचली तर ३४. पळीत येणाऱ्या रश्शावर विश्वास ठेवायचा नाही, तुकड्यावर ठेवायचा. आणखी पंधरा मिनिटं बर्फात. पुढच्या वेळी मांडीचे दोन भाग करून घेईन, ग्रोसरीवाला करून देतो.

रात्री ८.४५

आईचा फोन. तिच्याकडे सव्वाअकरा झालेत, झोपायची वेळ टळून गेलीय.

“काय करत्येस?”

“रस्सा गार करत्येय.”

“अजून तुझं ते बर्फाचं चाललंय? आम्ही पन्नास वर्षं रात्रीची आमटी उकळी काढून झाकून ठेवली, सकाळी परत उकळी काढली. काही झालं नाही कुणाला.”

मी पूर्वी वाद घालायचे. आता घालत नाही, कारण तिच्या पद्धतीत अक्कल होती. आमटी दोन वाट्या उरायची, पातेली लहान, रात्र गार, आणि दोन उकळ्यांच्या मधे जे काही वाढलं ते दुसऱ्या उकळीने मरायचं. परफ्रिंजेन्सच्या बाबतीत ती उकळी खरोखर वाचवते, कारण हा जंतू जिवंत पोटात जावा लागतो, तेव्हा त्रास देतो. आम्ही आजारी पडलो त्या दिवशी रस्सा मी नुसता कोमट केला होता, आईने उकळला असता. पण बॅसिलस सीरियस नावाचा दुसरा एक आहे, भातात हमखास सापडतो, डाळभातातही. त्याची एक जात अन्नातच विष सोडते आणि ते विष उकळीला दाद देत नाही. तिथे गार करण्याला पर्याय नाही.

“भाताचं काय करतेस?” तिने विचारलं.

“परातीत पसरते.”

“हं. ते तर मीच शिकवलंय तुला. वांगीभाताला.”

खरंच तिनेच शिकवलंय. तिचा हेतू शितं मोकळी राहावीत हा होता, पण पसरायला हात तिचाच वळलेला.

रात्री १०.१५

आमटी ८. रस्सा ११, तो मागून गेलाय. पहाटेपर्यंत दोन्ही ४ वर येतील. आमटीच्या डब्यांवर झाकणं घट्ट दाबली, रश्शाची अजून तिरकीच. पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलं: आमटी, गुरुवार ७.४०. रस्सा, गुरुवार ९.१०. सोमवारनंतर यातलं काही उरलं तर ते कुणाच्याही ताटात जाणार नाही.

दारावर टकटक. वहिनी, हातात थर्मामीटर.

“एकोणपन्नास,” त्या म्हणाल्या. “वरण आठ वाजता केलं होतं. तो तुमचा पसरट डबा एखादा जास्तीचा आहे का हो?”

आहे. बर्फही उरला होता थोडा.